नेकनूरची गच्ची, पाच हजारांची टाकी आणि सात फुटांचा खड्डा

सकाळी साडेसहा

मे महिन्यात गच्चीचं काम सात वाजायच्या आत उरकावं लागतं, नंतर स्लॅबवर पाय ठेववत नाही. नेकनूरमधलं हे घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे पत्र्याचा सोपा. स्लॅब तीस बाय वीस फूट. त्यावरचं पावसाचं पाणी साठवायचं म्हणून फीत लावून मापलं आणि वहीत लिहिलं: ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. सोप्याचे पत्रे हिशेबात धरले नाहीत. ते गंजलेत आणि त्यांच्यावर कडुलिंबाची फांदी आहे. त्या पत्र्यांचं पाणी प्यायला घ्यायचं नाही, तसंच अंगणात पडू द्यायचं.

माप घेतल्यावर गच्चीच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओततो. घर बांधताना उतार दिला असं सगळेच गवंडी सांगतात, पाणी मात्र खरं तेच दाखवतं. इथे ते पूर्वेच्या दोन्ही पन्हाळींकडे गेलं, पण मधे एका ठिकाणी परातीएवढं डबकं राहिलं. तिथे सिमेंटचा हलका थर देऊन चढ काढावा लागेल. पाणी साचतं तिथे शेवाळ धरतं, आणि ते पुढे टाकीत येतं.

कोपऱ्यात फवारणीचा पाठीवरचा पंप आणि कापसावर मारलेल्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. घरच्या दादाला म्हटलं, पाइपचं नंतर बघू, आधी हे खाली न्या आणि पुन्हा गच्चीवर ठेवायचं नाही. धूळ, पारव्यांची विष्ठा, पाला यांच्यावर इलाज आहे. औषध पाण्यात विरघळलं की कोणतीही जाळी ते अडवत नाही, आणि पाणी उकळूनही ते जाईल याचा भरवसा नाही. त्याच कारणानं गच्चीला डांबर लावू नका असंही सांगितलं.

सकाळी आठ

ओट्यावर चहा. हिशेब घरातल्या आजींसमोर मांडला, कारण वर्षातले पाच-सहा महिने हे घर त्याच चालवतात. मुलगा, सून आणि धाकटा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, पाडव्याच्या आसपास परत येतात. मागे आजी आणि दोन नातवंडं.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. सगळं गणित एवढ्यावरच चालतं. या भागात चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास धरतो. काही पाणी स्लॅब पितो, काही उडतं, काही पहिल्या धुण्यात जातं, म्हणून शेकडा ८० हाती येतं असं मानायचं. ५६ गुणिले ६५० गुणिले ०.८, म्हणजे वर्षाला सुमारे २९,००० लिटर.

आजी म्हणाल्या, “एवढं पाणी पडतंय, मग आपण टँकरमागं कामून पळतोय?”

प्रश्न बरोबर आहे. पण सरासरीवर घर बांधलेलं चालतं, टाकी बांधलेली चालत नाही. २०१२, २०१४, २०१५, २०१८ ही वर्षं या जिल्ह्यानं पाहिली आहेत. म्हणून निम्म्या पावसाचं वर्ष धरून पुन्हा मांडलं: १४,५०० लिटर. टाकी या आकड्यालाही भरली पाहिजे.

सकाळी नऊ

टाकी केवढी? गच्चीवर पडणारं सगळं पाणी साठवायचं म्हटलं तर अंगणच टाकीत जाईल. मी उलट बाजूनं जातो: कोणत्या महिन्यात पाण्याचा जीव जातो आणि तेव्हा घरात किती माणसं असतात?

जानेवारीपर्यंत बोअर साथ देतं, असं दादानं सांगितलं. फेब्रुवारीपासून मोटार हवा ओढायला लागते. तेव्हा फेब्रुवारी-मार्च घरात तीन माणसं, एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत सहा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी आठ लिटर. धुणं, अंघोळ, जनावरं यात नाहीत, ते वापरायचं पाणी दुसरीकडून. पहिले ५९ दिवस रोज २४ लिटर, पुढचे ७६ दिवस रोज ४८ लिटर. बेरीज ५,०६४. पाच हजारांची टाकी.

ही टाकी भरायला ११० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पुरतो. वाईटातल्या वाईट वर्षातही तेवढा होतो. मात्र एक अट आहे, आणि ती आजींनाच पाळावी लागेल. पावसाळ्यात टाकीतलं खुशाल वापरा, पण सप्टेंबर संपताना ती काठोकाठ भरलेली हवी आणि त्यानंतर फेब्रुवारी लागेपर्यंत तोटीला हात लावायचा नाही. टाकी काळी, झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासाची जाळी. उजेड आत गेला नाही तर पाणी चार महिने हिरवं होत नाही. वापर सुरू करताना टीसीएल पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम, बादलीत कालवून वरची निवळी टाकीत ओतायची.

आता उरलेल्या २४,००० लिटरचं काय? सहा वाट्यांतला एक वाटा टाकीत जातो, पाच वाटे बाहेर पडतात. छपराच्या पाण्याचं काम म्हणजे टाकी बसवणं अशी लोकांची समजूत आहे. या घरात खरा प्रश्न त्या पाच वाट्यांचा होता, आणि दिवसातला मोठा वेळ त्यालाच गेला.

सकाळी साडेदहा

कालच दोन चाचणीखड्डे खणून ठेवायला सांगितलं होतं. पहिला फूटभर खोल, काळ्या मातीत. दुसरा चार फूट, मुरुमात. दोन्हींच्या तळाशी फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल घर काढून रात्रीच पाणी ओतलं होतं. कोरडी जमीन पहिलं पाणी अधाशासारखं पिते आणि माणसाला फसवते, म्हणून ती आधी तृप्त करून घ्यायची आणि मग मोजायचं.

आपली जमीन थरांची आहे. वर काळी माती, इथे अडीच फूट. खाली पिवळसर मुरूम. त्याखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो छिद्राछिद्रांचा खडक, आणि मग काळा पाषाण. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि पाणी वरच राहतं. मे महिन्यात ज्या भेगेत हात जातो, ती जुलैत शोधून सापडत नाही.

दोन्ही घरांत पुन्हा पाणी भरलं, खिळा मारून पट्टी धरली, अर्ध्या अर्ध्या तासानं नोंद. मुरुमात पहिल्या भरणीला पाणी आठ सेंटिमीटर उतरलं, दुसऱ्या भरणीला चार, तिसऱ्या आणि चौथ्या भरणीला तीन-तीन. आकडा स्थिरावला की तो खरा. तासाला सहा सेंटिमीटर. काळ्या मातीत तासाभरात पाणी अर्धा सेंटिमीटरही हललं नाही.

दादाचा मित्र तिथेच उभा होता. त्यानं आपल्या वस्तीवर तीन फुटांचा खड्डा खणून दगडांनी भरला आहे आणि पावसाळाभर त्यात बेडूक असतात. त्याची काळी माती चार फूट आहे. खड्डा मातीतच संपला, मुरुमाला टेकलाच नाही. आणखी दोन फूट खणले असते तर तोच खड्डा चालला असता.

सहा सेंटिमीटरचा आकडाही मी तसाच घेत नाही. फूटभराच्या घरात पाणी तळापेक्षा बाजूंनीच जास्त मुरतं, आणि मोठ्या खड्ड्यात पुढे गाळही बसतो. म्हणून निम्मा धरला: तासाला तीन सेंटिमीटर.

दुपारी एक

भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना दादानं मनातलं विचारलं, “सर, पाइप सरळ बोअरमध्येच सोडला तर? खड्ड्याचा खर्चच नको.”

नको. बोअरमध्ये सोडलेलं पाणी गाळायची मातीला संधी मिळत नाही. गच्चीवरची घाण थेट खाली जाईल आणि तेच पाणी नंतर वर येईल. शिवाय बारीक गाळ खडकाच्या फटी बुजवतो, आणि बुजलेली फट उघडता येत नाही.

त्याला हेही सांगून टाकलं की खड्ड्यातलं पाणी त्याच्याच बोअरला येईल याची खात्री नाही. बोअर तीनशे फूट आहे, खड्डा सात फूट. आपल्या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरातून आणि दोन थरांच्या सांध्यातून उताराकडे सरकतं. बीडजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर पाहिली असेल तर हे डोळ्यांनी कळतं: दोन भुयारी वाटा पाणी आणतात, तिसरी ते पुढे शेतीकडे नेते. जमिनीखालचं पाणी असं आडवं चालतं. या घराच्या खड्ड्याचा पहिला फायदा उताराला असलेल्या जुन्या आडाला होईल, आणि तो आड गल्लीचा आहे. दादा थोडा वेळ गप्प बसला. आजी म्हणाल्या, “मग होऊ दे की. लेकरं तिथूनच भरत्यात.”

दुपारी अडीच

प्लंबरसोबत सावलीत बसून पहिल्या पावसाच्या पाण्याची वाट आखली. चार-पाच दिवस उघडीप पडली की गच्चीवर धूळ आणि विष्ठा साठते. पुढच्या सरीचं सुरुवातीचं पाणी ती धुऊन आणतं. तेवढं पाणी आपोआप बाजूला निघालं पाहिजे. आपोआप यासाठी की पहिली सर रात्री दोन वाजता येते आणि तेव्हा कोणीही उठून कॉक फिरवत नाही.

किती पाणी बाजूला काढायचं? स्वच्छ गच्चीला एक मिलिमीटर पुरतो. इथे झाड आहे, पारवे आहेत, रस्त्याची धूळ आहे, म्हणून दीड मिलिमीटर धरला. दोन पन्हाळी आहेत, प्रत्येकीला २८ चौरस मीटर छप्पर, म्हणजे प्रत्येकी ४२ लिटर.

हे पाणी उभ्या, तळाशी बंद केलेल्या पाइपात धरायचं. चार इंची पाइपात मीटरला साडेआठ लिटर मावतं, सहा इंचीत सुमारे अठरा. पन्हाळ जमिनीपासून अकरा फुटांवर आहे. वर टी-जोड आणि खाली साफसफाईची जागा सोडली तर आठ फूट पाइप उभा राहतो, म्हणजे २.४ मीटर. सहा इंचीत ४३ लिटर. प्रत्येक पन्हाळीखाली एक असे दोन उभे पाइप हवेत. एकाच पाइपावर भागवलं असतं तर अर्ध्या घाणीसकट पाणी टाकीत गेलं असतं.

पाइपात एक पोकळ प्लास्टिकचा चेंडू टाकायचा आणि टी-जोडाखाली त्याला अडवेल असं अरुंद तोंड बसवायचं. पाणी भरत जाईल तसा चेंडू वर येतो, तोंड बंद करतो, आणि मागून येणारं स्वच्छ पाणी आडव्या पाइपानं टाकीकडे वळतं. चेंडू नसला तर वरून पडणारी धार खालची घाण ढवळत राहते.

तळाशी पूर्ण व्यासाचं फिरकीचं झाकण आणि त्याला एक छोटी तोटी. पाऊस थांबल्यावर पाइप रिकामा झाला पाहिजे, नाहीतर पुढच्या सरीला तो भरलेलाच असतो आणि सगळी घाण टाकीत जाते. प्लंबरनं डोकं चालवलं: “ड्रिपचा ड्रिपर लावू का? ठिबकत राहील.” सुचलं छान, पण ड्रिपरचं भोक या पाण्यातल्या मातीनं पहिल्या आठवड्यातच बुजेल. तीन मिलिमीटरचं भोक पाडावं, तर भरलेल्या पाइपातून मिनिटाला पावणेदोन लिटर जातं. दोन पाइपांचं मिळून तासाला दोनशे लिटर, म्हणजे बारीक पावसातलं निम्मं पाणी वाया. म्हणून साधी तोटी, बारीक धार राहील एवढीच उघडी. रात्रभरात पाइप रिकामा होतो. पावसात धार बंद दिसली की तोटी तुंबली आहे हे आजींना ओट्यावरूनच कळेल, आणि महिन्यातून एकदा खालचं झाकण उघडून चिखल काढायचा.

दीड मिलिमीटर पुरतो की नाही, हे जूनमध्येच ठरेल. टाकीच्या तोंडाशी पहिलं येणारं पाणी काचेच्या बाटलीत धरायचं आणि उजेडासमोर धरून बघायचं. गढूळ दिसलं तर पाइप कमी पडतो आहे. तेव्हा बाजूला आणखी एक उभा पाइप जोडता यावा म्हणून आडव्या पाइपात एक बंद टी आताच ठेवली.

टाकीच्या उंचीचंही इथेच पाहिलं. टाकी सात फूट, खाली घागर बसावी म्हणून ओटा दीड फूट, मिळून साडेआठ. पन्हाळ अकरावर. मधल्या अडीच फुटांत टी-जोड, उतार आणि टाकीच्या तोंडावरची स्टीलच्या जाळीची गाळणी बसते. वाळूचं गाळण टाकीच्या आधी बसवायला उंचीच उरत नाही, आणि पाइप खाली नेऊन पुन्हा वर चढवला तर त्यात पाणी कुजत राहतं.

दुपारी चार

अंगणात खड्ड्याची जागा. घराच्या पायापासून दहा फूट लांब हवीच, कारण काळी माती भिजून फुगली की भिंतीला तडा जातो. मागच्या अंगणात संडासाचा खड्डा आहे. मुरुमातून तो आणि हा एकमेकांना भेटतील, म्हणून मागची बाजू बाद. पुढच्या कोपऱ्यात संडासापासून पन्नास फूट भरले, पायापासून बारा. उतारही तिकडेच. जागा ठरली.

आता आकार. महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी नोंदवतात, आणि आपल्याकडे सप्टेंबरात तेवढा पाऊस एखाद्या संध्याकाळी दोन तासांत पडतो. तेव्हा टाकी भरलेली असते. तसल्या पावसात स्लॅब फारसं पाणी खात नाही, शेकडा ९० धरतो. ५६ गुणिले ६५ गुणिले ०.९, सुमारे ३,३०० लिटर. उभ्या पाइपांत ८५ लिटर अडतात.

पाच बाय पाच फूट, सात फूट खोल. वरचा एक फूट सोडला तर कामाची उंची सहा फूट. हा खड्डा रिवाजाप्रमाणे दगडगोट्यांनी वरपर्यंत भरला तर पाण्याला फक्त दगडांमधल्या पोकळ्या उरतात, साधारण एक तृतीयांश. १५० घनफुटांच्या खड्ड्यात १,४०० लिटर. उरलेलं पाणी गल्लीत. गावोगावचे खड्डे काठोकाठ दगडांनी भरलेले दिसतात. मजूर लावून खणलेली जागा अशी दगडांना द्यायची, हे मला पटत नाही.

म्हणून खालचे तीन फूट भरायचे, वरचे तीन फूट पोकळ ठेवायचे. तळाशी मोठे दगड दीड फूट, त्यावर खडी एक फूट, वर जाडी वाळू अर्धा फूट. धार जिथे पडेल तिथे वाळूवर एक फरशी. पोकळ भागात २,१०० आणि खाली ७०० लिटर, मिळून २,८००. मुरण्याचा वेग तळ आणि बाजू धरून तासाला २०० लिटर येतो, म्हणजे दोन तासांत ४०० मुरले. ३,३०० मधून ८५ आणि ४०० वजा करता खड्ड्याला २,८०० लिटर धरावे लागतात. काठोकाठ बसलं. त्याहून मोठ्या पावसासाठी वरच्या फुटात गटारीकडे जाणारा एक पाइप.

भरलेला खड्डा चौदा तासांत रिकामा होतो, म्हणजे रात्रीचं पाणी दुसऱ्या दुपारपर्यंत संपतं. डासाला अंडी घालून पिल्लं काढायला वेळ मिळत नाही. वरचे अडीच फूट सिमेंटात वीट, म्हणजे काळी माती आत ढासळणार नाही. मुरुमाच्या भागात फक्त कोरडा दगड रचायचा, सांध्यात सिमेंट नाही. वर जाड फरशीचं झाकण, लेकरांना उचलता येणार नाही असं.

संध्याकाळी साडेपाच

फक्की मारली: खड्डा, टाकीचा ओटा, पाइपाची वाट. भरलेली टाकी पाच टनांची. ती काळ्या मातीवर ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात कलेल. म्हणून ओट्याखालची सात बाय सात फूट जागा अडीच फूट उकरून मुरूम थराथरानं धुमसून भरायचा. त्याला सव्वाशे घनफूट मुरूम लागेल, आणि खड्ड्यातून निघणारा मुरूम जवळजवळ तेवढाच आहे. त्यामुळे कामाचा क्रमही ठरला: आधी खड्डा, मग ओटा, मग पाइप, शेवटी टाकी. मृगाला अजून वेळ आहे.

ज्यांच्या घरी असा खड्डा आहे त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी झाकण सरकवून काठी घालून बघावं. चोवीस तासांनंतरही वाळूवर पाणी उभं असेल तर वरची दोन बोटं वाळू खरवडून धुवावी किंवा बदलावी. त्यानंतरही तेच झालं, तर खड्डा बहुधा मुरुमापर्यंत पोचलेला नाही. तो आणखी खणा.